वर्तुळाची कृतिपत्रिका : पायरीसमोर कारण लिहिताना



दहावीच्या गणित भाग २ मधलं तिसरं प्रकरण म्हणजे ‘वर्तुळ’. या प्रकरणात मुलांची उत्तरं बरोबर येतात आणि तरीही गुण जातात, ही तक्रार आपण सगळेच ऐकतो. माझ्या मते गुण जातात ते नंतरचं. आधी आणखी एक गोष्ट गेलेली असते. उत्तर आलं, पण ते का आलं हे मुलाला सांगता येत नाही. मग आकृती जरा फिरवून दिली, अक्षरं बदलली की तेच मूल अडतं.

म्हणून आमच्या सारोळ्याच्या वर्गात मी वर्तुळासाठी एकच आकृती असलेली कृतिपत्रिका वापरतो. पानाचे दोन भाग. डावीकडे पायरी, उजवीकडे कारण. कारणाची जागा पायरीपेक्षा मोठी ठेवतो. एका तासिकेत ही एकच आकृती होते, जास्त नाही. आज ती आकृती, तिच्या पायऱ्या आणि कारणाच्या रकान्यात मुलं नेमकं काय लिहितात, हे तुमच्यासमोर मांडतो. वाचता वाचता कागदावर आकृती काढलीत तर बरं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

आकृती

O केंद्र घेऊन ३ सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. केंद्रापासून ५ सेमी अंतरावर, वर्तुळाच्या बाहेर P हा बिंदू घ्या. P मधून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढा. त्या A आणि B मध्ये स्पर्श करतात. AB ही जीवा जोडा, OA आणि OB या त्रिज्या जोडा. आता P च्या विरुद्ध बाजूच्या मोठ्या कंसावर C बिंदू घ्या, P च्या बाजूच्या लहान कंसावर D घ्या. C आणि D दोन्ही A ला आणि B ला जोडा.

पक्ष एवढाच : ∠APB = ५०°. आणि खाली ठळक अक्षरात : ‘आकृती प्रमाणात नाही.’

हे वाक्य उगाच लिहिलेलं नाही. वर दिलेल्या मापांनी आकृती काढली तर प्रत्यक्षात ∠APB सुमारे ७४° येतो आणि ∠ACB सुमारे ५३°. म्हणजे एखाद्या वहीत ५३° दिसलं की लगेच कळतं, मुलाने कंपासपेटीतला कोनमापक लावला आहे. तो आळशी आहे असं मुळीच नाही. त्याला अजून मोजणं आणि सिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

पायऱ्या आणि कारणं

१. ∠PAO = ∠PBO = ९०°
कारण : स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय. स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येला लंब असते.

२. ∠AOB = ३६०° − ९०° − ९०° − ५०° = १३०°
कारण : PAOB या चौकोनाच्या चारही कोनांच्या मापांची बेरीज ३६०°.

३. कंस ADB चे माप = १३०°
कारण : लघुकंसाचे माप त्याच्या संगत केंद्रीय कोनाच्या मापाएवढे असते (व्याख्या).

४. ∠ACB = ६५°
कारण : अंतर्लिखित कोनाचे प्रमेय. ∠ACB ने कंस ADB अंतर्खंडित केला आहे.

५. ∠ADB = १८०° − ६५° = ११५°
कारण : चौकोन ADBC चक्रीय आहे. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परपूरक असतात.

६. PA = PB
कारण : स्पर्शिकाखंडाचे प्रमेय. बाहेरच्या एकाच बिंदूपासून काढलेले स्पर्शिकाखंड एकरूप असतात.

७. ∠PAB = ∠PBA = ६५°
कारण : समद्विभुज त्रिकोणाचे प्रमेय, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८०°.

८. ∠PAB = ½ × १३०° = ६५°
कारण : स्पर्शिका-छेदिका कोनाचे प्रमेय. अंतर्खंडित कंस ADB.

सातवी आणि आठवी पायरी एकाच कोनाची आहे. ती दोनदा मुद्दाम ठेवली आहे. त्याकडे शेवटी येतो.

‘आकृतीवरून’ हे कारण कधी चालतं?

कारणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द हा. पायरी १ समोर ‘आकृतीवरून’, पायरी ६ समोर ‘आकृतीवरून’. काही शिक्षक हा शब्द सरसकट खोडतात. मी तसं करत नाही, कारण काही गोष्टी खरोखरच आकृतीवरूनच कळतात. C मोठ्या कंसावर आहे, D लहान कंसावर आहे, O आणि P हे AB च्या विरुद्ध बाजूंना आहेत, हे आपण आकृती पाहूनच घेतो. पाठ्यपुस्तकही तसंच घेतं.

म्हणून मुलांना एक साधा नियम दिला आहे. कोण कुठे आहे हे आकृतीवरून घ्यायचं, किती आहे हे आकृतीवरून घ्यायचं नाही. जागा दिसते, माप दिसत नाही. एवढं सांगितल्यावर पायरी १ समोरचा ‘आकृतीवरून’ मुलं स्वतःच खोडतात, कारण ९०° हे माप आहे.

कुठला कंस?

आता पाचवी पायरी. बऱ्याच वह्यांत इथे ∠ADB = ६५° येतं. समोर कारणही असतं : ‘अंतर्लिखित कोनाचे प्रमेय.’ प्रमेयाचं नाव बरोबर, उत्तर चूक. कारण नुसतं नाव लिहिलंय, कंस लिहिलेला नाही. मुलाने चौथ्या पायरीतला १३०° चा कंस उचलला आणि त्याचा निम्मा केला. पण ∠ADB ने तो कंस अंतर्खंडित केलेलाच नाही.

हे कळायला मी बोटाची युक्ती वापरतो. D वर बोट ठेवा. कोनाच्या एका भुजेवरून A पर्यंत जा, दुसरीवरून B पर्यंत जा. आता कोनाच्या जबड्यात वर्तुळाचा जो भाग सापडतो तो अंतर्खंडित कंस. D चा जबडा मोठ्या कंसाकडे उघडतो. म्हणजे कंस ACB, माप ३६०° − १३०° = २३०°, आणि त्याचा निम्मा ११५°. चक्रीय चौकोनाच्या वाटेनेही तेच उत्तर आलं होतं.

मुलाला आपली चूक आपल्यालाच पकडता यावी म्हणून एक तपासणीही ठेवली आहे. C आणि D जीवेच्या दोन वेगवेगळ्या बाजूंना आहेत, म्हणजे दोन वेगळ्या वर्तुळखंडांत. एकाच वर्तुळखंडातले कोन समान असतात, समोरासमोरच्या वर्तुळखंडांतले मिळून १८०° होतात. दोन्हीकडे ६५° लिहिलं तर बेरीज १३०° येते. तिथेच थांबायचं. म्हणून या कृतिपत्रिकेत नियम असा, की ‘अंतर्लिखित कोनाचे प्रमेय’ लिहिलं की पुढे कंसाचं तीन अक्षरी नाव हवंच. नाव नसेल तर कारण अर्धवट.

याच चुकीची एक सख्खी बहीण आहे. काही मुलं दुसऱ्या पायरीतच ∠AOB = १००° लिहितात, ‘केंद्रातला कोन दुप्पट असतो’ म्हणून. पण दुप्पट होतो तो वर्तुळावरच्या बिंदूपाशी असलेल्या कोनाच्या. P वर्तुळावर नाही, बाहेर आहे. इथेही तपासणी सोपी आहे. ९० + ९० + ५० + १०० = ३३०. चौकोनात ३०° कमी पडले. कारण पूर्ण लिहायला लावलं, ‘शिरोबिंदू वर्तुळावर आहे’ हे शब्द लिहायला लावले, की मूल लिहिता लिहिताच थबकतं.

खरं विधान, न मिळवलेलं कारण

आता माझ्या मते या कृतिपत्रिकेतली सगळ्यात मोलाची जागा. दुसऱ्या पायरीत काही हुशार मुलं असं लिहितात :

∠AOB = १८०° − ५०° = १३०°. कारण : चक्रीय चौकोनाचे प्रमेय.

उत्तर बरोबर. मी ‘हा चौकोन चक्रीय कसा?’ असं विचारलं की मुलं म्हणतात, “सर, बेरीज १८०च येतेय की!” आणि खरंच येते. मग चूक म्हणायचं की बरोबर?

घाईने फुली मारू नका, आणि घाईने बरोबरही करू नका. आधी विचारा, “PAOB चे चारही शिरोबिंदू वर्तुळावर आहेत का?” A आणि B आहेत. P बाहेर आहे. O तर केंद्रच आहे, तो स्वतःच्या वर्तुळावर कसा असेल? म्हणजे दिलेल्या वर्तुळात हा चौकोन अंतर्लिखित नाही. मुलाने शेजारच्या ADBC चौकोनाचं प्रमेय सवयीने इथे लावलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. ∠PAO आणि ∠PBO हे संमुख कोन आहेत आणि त्यांची बेरीज १८०° आहे. चक्रीय चौकोनाच्या प्रमेयाचा व्यत्यास सांगतो, की संमुख कोन परस्परपूरक असतील तर चौकोन चक्रीय असतो. म्हणजे PAOB चक्रीय आहेच. फक्त त्याचं वर्तुळ वेगळं आहे. ते अजून कागदावर काढलेलं नाही, एवढंच.

ते मुलांकडून काढून घ्या. OP जोडा, त्याचा मध्य M घ्या. OP ५ सेमी आहे, म्हणून M वर कंपासचं टोक ठेवून अडीच सेमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते O, A, P, B या चारही बिंदूंतून जातं. ∠PAO काटकोन आहे, म्हणून OP हा या नव्या वर्तुळाचा व्यास. मोजायचंच असेल तर इथे मोजा : OA ३ सेमी, OP ५ सेमी, मग पायथागोरसच्या प्रमेयाने PA बरोबर ४ सेमी. त्रिज्या ३ आणि अंतर ५ घ्यायचं कारण हेच होतं.

म्हणजे त्या मुलाचं विधान खरं होतं, पण कारण त्याने मिळवलेलं नव्हतं. त्याने आधी एक ओळ लिहायला हवी होती : ‘∠PAO + ∠PBO = १८०°, म्हणून PAOB चक्रीय (व्यत्यास).’ मग पुढची ओळ : ‘म्हणून ∠AOB + ∠APB = १८०°.’ दोन्ही ओळी असतील तर मी पूर्ण गुण देतो. फक्त दुसरी असेल तर नाही. हा फरक पटला की प्रमेय आणि व्यत्यास हे दोन वेगळे शब्द का आहेत, हेही मुलांना पटतं. एकात चौकोन चक्रीय आहे हे माहीत असतं आणि आपण कोनांकडे जातो. दुसऱ्यात कोन माहीत असतात आणि आपण वर्तुळाकडे जातो.

आणि हे नवं वर्तुळ पुढे लगेच कामाला येतं. चौथ्या प्रकरणात, भौमितिक रचनांमध्ये, बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची रचना आहे. OP चा लंबदुभाजक काढा, मध्यबिंदू घ्या, तिथून वर्तुळ काढा, ते मूळ वर्तुळाला जिथे छेदेल ते स्पर्शबिंदू. मुलं ही रचना पाककृतीसारखी पाठ करतात. ज्यांनी या कृतिपत्रिकेत M केंद्राचं वर्तुळ काढलेलं असतं, त्यांना कारण सांगता येतं : OP व्यास, अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन, म्हणून ∠PAO काटकोन, आणि त्रिज्येच्या बाह्यटोकाशी तिला लंब असणारी रेषा ती स्पर्शिका. इथे पुन्हा शेवटच्या वाक्यात व्यत्यास आहे, हेही मुलं आपणहून सांगू लागतात.

पन्नासच्या जागी अक्षर

आता सातवी आणि आठवी पायरी. दोन वाटा, एकच उत्तर. मुलांना वाटतं हा निव्वळ पडताळा आहे. पण दुसऱ्या दिवशी मी पन्नास खोडतो आणि सांगतो, माप दिलेलंच नाही, ∠OAB ला x म्हणा आणि पुढे चला.

OA = OB, एकाच वर्तुळाच्या त्रिज्या. म्हणून ∠OBA सुद्धा x. त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेवरून ∠AOB = १८०° − २x. आता ∠PAO काटकोन आहे, त्यातला x गेला की ∠PAB = ९०° − x. आणि ९०° − x हा १८०° − २x चा बरोबर निम्मा. ∠AOB म्हणजेच कंस ADB चं माप. म्हणून स्पर्शिका आणि जीवा यांच्यातला कोन हा त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो.

मुलं पाहत राहतात. आठव्या पायरीत जे कारण म्हणून लिहिलं होतं, तेच आता सिद्ध झालं. आणि यात एक सावधगिरी आहे. ही सिद्धता लिहिताना कुणी ‘कारण : स्पर्शिका-छेदिका कोनाचे प्रमेय’ असं लिहिलं, तर त्याने काहीच सिद्ध केलं नाही. जे दाखवायचं तेच कारण म्हणून वापरलं. म्हणून कारण निवडताना ते प्रकरणात आधी आलेलं आहे का, हे पाहायचं. हा क्रम आजचा नाही. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या तिसऱ्या पुस्तकात स्पर्शिका त्रिज्येला लंब असते हे १८वं विधान आहे, केंद्रातला कोन दुप्पट हे २०वं, एकाच वर्तुळखंडातले कोन २१वं, चक्रीय चौकोन २२वं, आणि स्पर्शिका-जीवेचा कोन ३२वं. प्रत्येक जण आपल्या आधीच्यांच्याच खांद्यावर उभा असतो, नंतरच्यांच्या नाही.

एक मर्यादाही सांगायला हवी. वरची सिद्धता ∠PAB लघुकोन असतानाची आहे. आपल्या आकृतीत तो नेहमी लघुकोनच राहतो, कारण AB व्यास झाला तर दोन्ही स्पर्शिका समांतर होतील आणि P मिळणारच नाही. पाठ्यपुस्तकात मात्र तीन स्थिती आहेत. विशालकोनाची स्थिती हवी असेल तर PA ही स्पर्शिका A च्या पलीकडे Q पर्यंत वाढवा. ∠QAB = १८०° − ६५° = ११५°, कारण रेषीय जोडी. आणि तो २३०° च्या मोठ्या कंसाचा निम्मा आहे. आधी पाहिलेला ∠ADB सुद्धा तेवढाच होता.

पालकांसाठी

आपल्याकडे बरेच पालक दिवसभर शेतात असतात, नाहीतर नीरेच्या पुलापलीकडे शिरवळच्या बाजूला कंपनीत. संध्याकाळी वही बघायची म्हटलं तर ‘आम्हाला भूमिती येत नाही’ असं म्हणतात. पण या कृतिपत्रिकेसाठी भूमिती यावीच लागते असं नाही. डावीकडचा रकाना हाताने झाका. उजवीकडचं एक कारण वाचा आणि मुलाला विचारा, “हे कशाबद्दल आहे, आकृतीत बोट ठेवून दाखव.” कारणात कंस असेल तर कंसावरून बोट फिरवायला सांगा. मूल अडखळलं तर त्या पायरीला पेन्सिलने खूण करा, दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही बघू. उत्तर बरोबर की चूक, हे तुम्ही ठरवायची गरज नाही.

सेमी इंग्रजीची मुलं कारण इंग्रजीत लिहितात, बाकीची मराठीत. दोन्ही चालतं. फक्त ‘प्रमेयाने’ किंवा ‘थिअरमने’ एवढाच शब्द चालत नाही. कुठलं प्रमेय, आणि ते इथे लागू का होतं, हे दोन्ही हवं.

पुढची पत्रिका

शिक्षक मित्रांनो, ही आकृती झाल्यावर मी तीच उलटी देतो. पक्ष : ∠ACB = ६५°. काढा : ∠APB. आणि या वेळी कारणांचा रकाना छापलेला असतो, पायऱ्यांचा रकाना कोरा. अंतर्लिखित कोनाचे प्रमेय, मग लघुकंसाच्या मापाची व्याख्या, मग स्पर्शिका-त्रिज्या प्रमेय, मग चौकोनाच्या कोनांची बेरीज. मुलांनी कारण वाचून पायरी शोधायची. उत्तर ५०° येणार हे त्यांना ठाऊकच असतं, त्यामुळे उत्तराकडे कुणी पाहतच नाही. पाहतात ते कारणांच्या क्रमाकडे. वर्गात करून बघा, आणि तुमच्या मुलांनी एखाद्या पायरीला आपल्याला न सुचलेलं कारण लिहिलं असेल, तर तेही जरूर कळवा.